पहिला पगार आणि पैशाच्या म्हणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली नोकरी लागलेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांत घरात ऐकलेली एखादी म्हण असते आणि ‘हिचा अर्थ माझ्या पगाराला कसा लावायचा?’ अशी विचारणा असते. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: गावाहून पुण्यात आलेली, दोघींत खोली घेऊन राहणारी, वर्षाला ३,६०,००० रुपयांचं पॅकेज असलेली मुलगी. तुमचे आकडे वेगळे असतील, तेव्हा तुमचे घालून हिशोब पुन्हा करा.

१. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे पटतं. पण माझं अंथरूण नेमकं किती? ऑफर लेटरवर ३,६०,००० लिहिलंय, म्हणजे महिना ३०,००० व्हायला हवेत. खात्यात तेवढे येत नाहीत.

पॅकेज म्हणजे कंपनीला तुमच्यापायी येणारा एकूण खर्च. अंथरूण म्हणजे खात्यात जमा होणारी रक्कम, तीही पूर्ण महिन्याची.

३०,००० मधले १५,००० मूळ वेतन धरू. कंपनी पीएफमध्ये भरते ती १२ टक्के रक्कम, म्हणजे १,८०० रुपये, पॅकेजमध्येच मोजलेली असते. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२० रुपये, तसेच धरलेले असतात. राहिले साधारण २७,४८०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात सुमारे २५,५०० येतात, म्हणजे ऑफर लेटर वाचून मनात धरलेल्या आकड्यापेक्षा साडेचार हजार कमी. खोलीचं भाडं आणि गाडीचा हप्ता ३०,००० धरून ठरवला, तर दर महिन्याला कुठेतरी ओढाताण होणारच.

तीन गोष्टी आणखी पाहा. तुम्ही महिन्याच्या मध्यावर रुजू झाला असाल तर पहिला पगार तेवढ्याच दिवसांचा येतो, त्यामुळे पहिल्या महिन्यावरून अंदाज बांधू नका. व्यवसाय कर फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० असतो. पॅकेजमध्ये ‘व्हेरिएबल’ नावाची रक्कम असेल तर ती दरमहा मिळत नाही, वर्षाअखेरी मिळते आणि कमी-जास्तही होते, म्हणून ती अंथरुणात मोजायचीच नाही.

२. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ऐकायला छान आहे, पण महिनाअखेर माझ्याकडे थेंबही उरत नाही. आणि चार हजारांनी असं काय मोठं होणार आहे?

उरलं तर टाकू असं म्हटलं की उरत नाही, कारण खात्यात दिसणारी रक्कम खर्चासाठीच आहे असं धरून आपण वागतो. म्हणून बचत पगाराच्या दुसऱ्या दिवशी बाहेर काढायची. पगार १ तारखेला होत असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून २ किंवा ३ तारखेचं आवर्ती ठेव खातं उघडा. पगार कधी कधी दोन-चार दिवस उशिरा होत असेल तर तारीख ७ ठेवा. खात्यात पैसे नसताना हप्ता आला तर तो चुकतो, आणि काही बँका त्याचा दंड लावतात.

आपल्या उदाहरणातले २५,५०० असे वाटता येतील: बचत ४,०००, घरी ४,०००, भाडं आणि वीज ७,०००, मेस आणि नाश्ता ५,०००, जाणं-येणं १,५००, मोबाईल आणि इंटरनेट ५००, कपडे-औषधं-गावची खेप १,५००, आणि मनासारखा खर्च २,०००. शेवटचे दोन हजार मुद्दाम ठेवले आहेत. ते नसले तर तिसऱ्या महिन्यात माणूस कंटाळतो आणि आवर्ती ठेव मोडतो.

आता ‘चार हजारांनी काय होणार’. दरमहा ४,००० म्हणजे वर्षाला ४८,०००. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाअखेरी सुमारे १,७०० रुपये व्याज मिळेल. समजा कुठेतरी खात्रीने १२ टक्के मिळाले, तर सव्वातीन हजारांच्या आसपास मिळतील. फरक वर्षाला दीड हजार, म्हणजे महिन्याला सव्वाशे रुपये. त्याउलट हप्ता ४,००० चा ४,५०० केला तर वर्षाला ६,००० वाढतात. पहिल्या एक-दोन वर्षांत तळं भरतं ते थेंबाच्या आकारामुळे आणि तो दर महिन्याला पडतो म्हणून. व्याजदराचा वाटा तेव्हा फार थोडा असतो. जास्त परताव्यामागे धावून धोका पत्करण्याची वेळ ही नव्हे, ते या आकड्यांवरून दिसतं.

३. मग रोजचा चहा बंद करू का? आजी म्हणते ‘थेंबे थेंबे तळे साचे’, आणि मामा म्हणतो ‘दात कोरून पोट भरत नाही’. खरं कोणाचं?

दोघांचंही, कारण दोन म्हणी दोन वेगळ्या कामांसाठी आहेत. पहिली सांगते जमा करण्याबद्दल: रक्कम लहान असली तरी सातत्य हवं. दुसरी सांगते काटकसरीबद्दल: अगदी बारीक खर्चांत कातरत बसून मोठी तूट भरून निघत नाही.

१५ रुपयांचे दोन चहा, महिन्याचे २५ दिवस, झाले ७५० रुपये. ते सगळे बंद केले तरी वाचणार एवढेच, आणि ऑफिसातल्या माणसांशी चार शब्द बोलण्याची जागाही जाणार. उलट ९,५०० च्या खोलीऐवजी ७,००० ची खोली घेतली तर एका निर्णयात दरमहा २,५०० वाचतात आणि नंतर रोज मन मारावं लागत नाही. म्हणून पहिल्या पगाराच्या आधी भाडं, जेवण आणि हप्ता या तीन गोष्टी नीट ठरवा. त्या आटोक्यात असतील तर चहाची वही ठेवायची गरज नाही.

याला एक अपवाद आहे. घरपोच मागवलेलं जेवण बारीक खर्चात धरू नका. १२० रुपयांच्या थाळीवर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म शुल्क आणि कर चढून ती १९०-२०० ला पडते. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ म्हणतात ते हेच. मेसचे पैसे भरलेले असताना आठवड्यातून तीनदा असं मागवलं तर महिन्याचे अडीच हजार जातात, म्हणजे खोलीत वाचवलेलं सगळं.

४. ‘तहान लागल्यावर विहीर खणू नये.’ अडीअडचणीसाठी किती रक्कम बाजूला ठेवायची आणि कुठे?

तीन महिन्यांचा अत्यावश्यक खर्च. आपल्या उदाहरणात भाडं ७,०००, जेवण ५,०००, प्रवास १,५००, मोबाईल ५०० आणि घरचे ४,००० मिळून १८,००० होतात. तिप्पट ५४,०००. दरमहा ४,००० ने ही विहीर खणायला चौदा महिने लागतात. तोवर शेअर, सोनं, जमीन यांपैकी काही सुचवलं तरी थांबायचं.

पहिले १०,००० साध्या बचत खात्यात, पण पगाराच्या खात्यात नव्हे. वेगळ्या बँकेत खातं काढा आणि त्याला यूपीआय जोडू नका, म्हणजे रस्त्यावर क्यूआर स्कॅन करताना त्यातून पैसे जाणार नाहीत. पुढची रक्कम आवर्ती किंवा मुदत ठेवीत. मुदत ठेव मध्येच मोडली तर व्याज साधारण एक टक्क्याने कमी मिळतं, मुद्दल शाबूत राहतं. अडचणीच्या पैशाला हेच हवं. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. नावात ‘मल्टिस्टेट’ असलं तरी पतसंस्था बँक ठरत नाही.

विहीर नसली की काय होतं? ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी.’ मोबाईलवरची पाच मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप अशाच वेळी गाठतात. नमुना असा असतो: कर्ज ५,००० चं, ‘प्रोसेसिंग’ कापून हातात ३,५००, सात दिवसांत ५,००० परत. म्हणजे ३,५०० वर आठवड्याला १,५००, जवळजवळ ४३ टक्के. शिवाय अ‍ॅपने संपर्क यादी आणि फोटो पाहण्याची परवानगी आधीच घेतलेली असते, आणि उशीर झाला की नातेवाइकांना फोन जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज कोणती बँक किंवा वित्तसंस्था देते आहे ते स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, मुख्य अटी आणि वार्षिक दर सांगणारं पत्रक आधी मिळालं पाहिजे आणि रक्कम थेट त्या संस्थेकडून तुमच्या खात्यात आली पाहिजे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर ते अ‍ॅप काढून टाका.

५. पहिल्या पगारात पेढे, देवाला काही, आईला साडी, मित्रांना पार्टी, सगळं करायचंय. हे चुकीचं आहे का?

अजिबात नाही. पहिला पगार एकदाच येतो आणि आईच्या हातात काही ठेवण्याचा आनंद हिशोबात बसवायचा नसतो. म्हण इतकंच सांगते की ‘ऋण काढून सण’ करू नये. पगार अर्ध्या महिन्याचा, १२,००० आला असेल आणि खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसची आगाऊ रक्कम त्यातूनच द्यायची असेल, तर पार्टी पुढच्या महिन्यात ठेवा. मित्र महिनाभर थांबतात. ‘आधी शिदोरी, मग जेजुरी’ हा क्रम इथे अक्षरशः लागू होतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. पार्टीचा आकडा हॉटेल ठरवण्याआधी ठरवा, कारण बिल वाटून घ्यायचं की तुम्ही द्यायचं हे आधी बोललं गेलं नाही तर ते तुमच्यावरच येतं. दुसरं, घरी दरमहा काय द्यायचं ते पहिल्याच महिन्यात आईवडिलांशी बोलून पक्कं करा. पहिल्या महिन्यात उत्साहाने दहा हजार दिले आणि तिसऱ्या महिन्यात तीन, तर घरात उगाच काळजी सुरू होते.

६. क्रेडिट कार्ड आणि बिनव्याजी हप्ता यांत वाईट काय? पैसे तर तेवढेच द्यायचे असतात ना?

‘उधारीचं पोतं सव्वा हात रितं.’ उधारीवर घेतलेलं पोतं भरलेलं दिसलं तरी त्यात माल कमी असतो. बिनव्याजी हप्त्याचं तेच आहे. २४,००० चा फोन रोखीने घेतला तर जी सूट मिळाली असती, ती हप्त्यात बहुतेक वेळा मिळत नाही. वर प्रक्रिया शुल्क असतं आणि व्याजाची रक्कम सूट म्हणून दाखवली तरी तिच्यावरचा जीएसटी तुम्हीच भरता. दुकानात एवढंच विचारा: ‘आत्ता पूर्ण पैसे दिले तर कितीला द्याल?’ दोन उत्तरांतला फरक म्हणजे पोत्यातला रिता सव्वा हात.

क्रेडिट कार्डात खरा फास ‘किमान देय रक्कम’ या ओळीत आहे. बिल २०,००० चं आलं, किमान देय १,००० आहे आणि तुम्ही तेवढेच भरले, तर १९,००० राहिले. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ६६५, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे १२०. म्हणजे १,००० भरून थकबाकी फक्त २१५ रुपयांनी घटली. त्यातही व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते.

कार्ड हवंच असेल तर ऑटो-पेमध्ये ‘पूर्ण रक्कम’ निवडा. पुष्कळ ठिकाणी ‘किमान रक्कम’ आधीच निवडलेली असते आणि ती बदलायची राहून जाते. एखाद्या महिन्यात पूर्ण बिल भरता आलं नाही, तर ते फिटेपर्यंत कार्ड वापरू नका.

७. मोठा खर्च काहीच करत नाही, तरी महिनाअखेर खातं रिकामं. पैसे जातात कुठे?

‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.’ आधी कुत्रं शोधा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचा भाग असतो. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते. कार्डावरच्या परवानग्या वेगळ्या असतात, त्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहाव्या लागतात. एक रुपयात महिनाभर म्हणून घेतलेलं गाण्यांचं अ‍ॅप, जिमचं नूतनीकरण, क्लाउड साठवण, डेटिंग अ‍ॅप, असं बरंच काही इथे सापडतं. अ‍ॅप फोनमधून काढलं म्हणून परवानगी रद्द होत नाही, ती याच यादीतून रद्द करावी लागते. पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना यायला हवी असा नियम आहे, पण ती बँकेच्या जाहिरातींत हरवते.

यानंतरही गळती सापडली नाही तर एका महिन्याचं बँक स्टेटमेंट काढून २०० रुपयांखालच्या व्यवहारांची बेरीज करा. जेवण मागवण्याबद्दल प्रश्न ३ मध्ये लिहिलं आहे.

८. रूममेटला टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करण्याचे पैसे खरोखर मिळाले, मी स्क्रीनशॉट नाही, त्याच्या खात्यात पाहिले. तरीही खोटं कसं?

पैसे मिळाले हे खरं असू शकतं. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ याची पहिली पायरी आवळा देणं हीच असते.

क्रम जवळजवळ ठरलेला आहे. पहिल्या दिवशी तीन लाईकचे १५० रुपये खात्यात येतात. मग ‘प्रीपेड टास्क’: १,००० भरा, १,३०० परत. ते मिळतात. मग ५,००० भरायला सांगतात, आणि इथून पैसे खात्यात न येता त्यांच्या संकेतस्थळावरच्या ‘वॉलेट’मध्ये वाढताना दिसू लागतात. काढायला गेलं की ‘एक टास्क चुकला, २०,००० भरून दुरुस्त करा’, नंतर ‘टॅक्स’, नंतर ‘खातं गोठलं, अनामत भरा’. गटात जे शंभर लोक ‘मला मिळाले’ असं लिहितात ते त्यांचेच असतात. ओळखायची खूण एकच, पण पक्की: काम तुम्ही करताय आणि पैसेही तुम्हीच भरताय.

‘शितावरून भाताची परीक्षा’ इथे चालत नाही. भाताची सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. फसवणुकीत पहिलं शीत मुद्दाम वेगळं शिजवून तुमच्या हातावर ठेवलेलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला टोरेस या दागिन्यांच्या दुकानासमोर लोक जमले, तेव्हाही तेच कळलं. दर आठवड्याला परतावा देण्याचं आश्वासन होतं, सुरुवातीला तो मिळाला, म्हणून लोकांनी आणखी पैसे घातले, नातेवाइकांना आणलं आणि मग देणं थांबलं.

त्याच मालिकेतली दुसरी मागणी: ‘तुझं बँक खातं वापरू दे, प्रत्येक व्यवहारामागे कमिशन.’ त्या खात्यातून दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. खातं गोठतं, पगार अडकतो आणि पोलिसांचा पहिला फोन तुम्हालाच येतो.

९. मग एखादी योजना खरी की खोटी, हे साध्या माणसाने तपासायचं कसं?

‘बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर.’ नोंदणी क्रमांक मागा आणि तो त्यांनी पाठवलेल्या लिंकवर न पाहता स्वतः शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिचं sebi.gov.in उघडून मध्यस्थांच्या यादीत शोधा. पैसे घेऊन गुंतवणूक सल्ला देणाऱ्याचा क्रमांक INA ने आणि संशोधन विश्लेषकाचा INH ने सुरू होतो. क्रमांक सापडला तरी नाव, पत्ता आणि ईमेल जुळतो का पाहा, कारण खऱ्या माणसाचा क्रमांक चोरून वापरणारे आहेत. ठेवी गोळा करणारी संस्था असेल तर sachet.rbi.org.in वर शोधा. आणि पैसे कोणाच्या नावावर मागतात ते पाहा: कंपनीचं नाव एक आणि यूपीआयवर दिसणारं नाव एखाद्या व्यक्तीचं, तर तिथेच थांबा.

नोंदणीपर्यंत जाण्याआधी कागदावर एक गुणाकार करा. ‘महिन्याला १० टक्के खात्रीने’ असं कोणी म्हणालं, तर १०,००० रुपयांचे वर्षाने ३१,००० च्या वर आणि पाच वर्षांनी तीस लाखांच्या वर होतील. असं साधन ज्याच्या हातात आहे तो तुमचे दहा हजार मागायला का येईल? ‘पी हळद अन् हो गोरी’ या घाईला हा एक गुणाकार पुरतो.

१०. ‘पैशाकडे पैसा जातो’ म्हणतात. मग थोडे पैसे शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या सौद्यांत, लावून वाढवले तर? ते तर सरकारमान्य आहे.

मान्यताप्राप्त आहे, त्यामुळे प्रश्न ९ ची तपासणी इथे पास होते. म्हणूनच हे वेगळं सांगावं लागतं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता, आणि तोटा झालेल्यांचा सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये होता. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या जवळजवळ आठ महिन्यांच्या पगाराएवढा.

ऑप्शन विकत घेणाऱ्याला भाव कोणत्या दिशेला जाईल एवढंच ओळखून भागत नाही, तो मुदतीच्या आत जावा लागतो. मुदत संपत येते तशी ऑप्शनची किंमत रोज आपोआप झिजते. दलाली, कर आणि शुल्क प्रत्येक व्यवहाराला लागतं, जिंकलात तरी आणि हरलात तरी.

‘पैशाकडे पैसा जातो’ हे खरं आहे, पण त्या म्हणीत आधीचा पैसा गृहीत धरलेला आहे. प्रश्न ४ मधली विहीर पूर्ण झाल्यावर निर्देशांकावर आधारित फंडात महिना ५०० किंवा १,००० ची एसआयपी सुरू करता येते, जर ते पैसे निदान पाच-सात वर्षं लागणार नसतील. त्यातही एखाद्या वर्षी रक्कम घटलेली दिसेल. शिवाय ५०० रुपयांच्या सहा एसआयपी सहा फंडांत लावणं म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. एक पुरे.

११. नोकरी बदलतेय. पीएफ काढून घेऊ का? आणि पासबुकात कंपनीचे १,८०० दिसायला हवेत, तिथे ५५० च का दिसतात?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० पीएफमध्ये. तुमचे १,८०० पूर्ण पीएफमध्येच जातात. म्हणजे दरमहा २,३५० साठतात. काही चुकलेलं नाही.

पैसे काढू नका. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. तोच राहिला असं धरलं तर २,३५० चे पाच वर्षांत एक लाख सत्तर हजारांच्या वर होतात, तेही तुम्ही काही न करता. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेली रक्कम सहसा करपात्र ठरते. नव्या नोकरीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, द्या आणि जुनं खातं वर्ग झालं का, ते दोन-तीन महिन्यांनी पासबुकात पाहा. अडकतं ते बहुतेक दोन कारणांनी: आधार आणि यूएएनवरचं नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही, किंवा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. दुसरं काम निरोपाच्या दिवशीच एचआरकडे सांगून ठेवा.

१२. ऑफिसात बारा जणांची दोन हजारांची भिशी आहे. घेऊ का?

बारा जण, २,००० रुपये, दरमहा एकाला २४,०००. ज्याला पहिल्या महिन्यात मिळाले त्याला बिनव्याजी कर्ज मिळालं आणि ज्याला बाराव्या महिन्यात मिळाले त्याने बिनव्याजी बचत केली. लिलावाची भिशी असेल, तर आधी उचलणारा काही रक्कम सोडतो आणि ती बाकीच्यांत वाटली जाते, म्हणजे उशिरा घेणाऱ्याला थोडा फायदा होतो.

एकट्याने बचत जमत नसेल तर भिशीची शिस्त उपयोगी पडते. धोका एकच: आधी रक्कम उचलून कोणी हप्ते थांबवले किंवा नोकरी सोडून गेलं तर तुमच्या हातात कागद नसतो. म्हणून सगळे एकाच ठिकाणी पक्क्या नोकरीत असतील, पैसे रोख न घेता बँकेतून फिरत असतील आणि कोणी सोडून गेल्यास काय, हे आधी लिहून ठेवलं असेल तरच घ्या. अडचणीचा निधी भिशीत ठेवू नका. गरज पडेल त्या महिन्यात नंबर लागेलच असं नाही.

१३. पगार सुरू झाल्याचं कळल्यावर उसने मागणारे वाढलेत, काका पॉलिसी घ्यायला सांगतात, मित्र जामीन राहा म्हणतो. नाही कसं म्हणू?

‘भीड भिकेची बहीण.’ तिन्ही मागण्यांना वेगवेगळं वागायचं.

उसने देताना, परत आले नाहीत तरी भाडं अडणार नाही एवढेच द्या आणि आकडा मनात आधी ठरवून ठेवा. आपल्या उदाहरणात तो ‘मनासारख्या खर्चा’तला हजार-दोन हजार आहे.

जामीन राहू नका. त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते आणि थकबाकी तुमच्याही पतनोंदीत उमटते. पुढे तुम्हाला घरासाठी कर्ज लागेल तेव्हा ती समोर येते. ‘घरच्यांना विचारून सांगतो’ हे उत्तर आपल्याकडे अजूनही चालतं, ते खुशाल वापरा.

काकांना एक प्रश्न विचारा: ‘यात मला काही झालं तर घरच्यांना किती मिळतील?’ वर्षाला २४,००० चा हप्ता आणि संरक्षण दोन-अडीच लाखांचं असेल, तर त्यात विमा थोडा आणि कमी व्याजाची बचत जास्त आहे. आईवडील तुमच्या पगारावर अवलंबून असतील तर साधा मुदत विमा बराच स्वस्त पडतो. सही होऊन गेली असली तरी पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि थोडी वजावट होऊन पैसे मिळतात.

१४. पैसे गेले. आता ‘बैल गेला आणि झोपा केला’ म्हणत गप्प बसायचं का?

नाही. ही म्हण इथे लागू करू नका, कारण पैसे गेल्यावर पहिले काही तास ते अजून एखाद्या खात्यात असू शकतात. लगेच १९३० ला फोन करा. फोन लागला नाही तर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक हाताशी ठेवा. त्याच वेळी बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड आणि यूपीआय बंद करून तक्रार क्रमांक घ्या. गप्पांचे आणि गटाचे स्क्रीनशॉट आधी काढा, गट नंतर सोडा.

तुम्ही काहीही न करता तिसऱ्याच कोणीतरी खात्यातून पैसे काढले असतील आणि बँकेची चूक नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं असतं, म्हणून तिथे प्रत्येक तास मोजावा. आणि काही दिवसांनी ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी शुल्क भरा’ असा फोन येईल. तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी घेतलेल्या दुसऱ्या टोळीचा असतो. सायबर पोलीस पैसे परत करण्यासाठी शुल्क घेत नाहीत.